स्प्रिंग वारंवार तुटतेय: ब्लास्टिंग, पीनिंग की जाड तार?

वागळे इस्टेटला किंवा रबाळ्याला स्प्रिंग पीनिंगला पाठवायची म्हटलं की "ब्लास्टिंग करून देतो, तेच असतं" असं ऐकू येतं. तेच नसतं. मशीन एकच असेल, छर्रेही पोलादाचेच असतील, पण ब्लास्टिंग म्हणजे साफसफाई. स्केल निघालं की काम संपलं. पीनिंगमध्ये प्रत्येक छर्रा बारीक खळगा पाडतो. वरचा थर पसरू पाहतो, खालचं पोलाद त्याला धरून ठेवतं आणि त्या थरात कायमचा दाब साठतो. खोली साधारण 0.1 ते 0.3 मिमी, पण पुन्हापुन्हा येणाऱ्या लोडने पडणारा फटीग क्रॅक बहुतेकदा पृष्ठभागावरच सुरू होतो, आणि या दाबामुळे त्याला उघडायला वाव मिळत नाही.

मग सरळ तारच जाड का घेऊ नये? हिशोब करून बघा. 4 मिमीची तार, 8 कामाचे वेढे, टोकांचे 2. तार 4.2 मिमी केली तर तेवढ्याच लोडला स्ट्रेस सुमारे 14 टक्के उतरतो, पण स्प्रिंग सुमारे 22 टक्के कडक होते. कडकपणा पूर्वीइतका ठेवायचा, तर कामाचे वेढे 9.7 करावे लागतात. पूर्ण दाबलेली उंची 40 मिमीवरून 49 वर जाते. एवढी जागा असेल तर खुशाल जाड तार घ्या. तपासायला ती सगळ्यात सोपी. जागा नसेल तर पीनिंग.

पण पीनिंग झालंय हे नुसत्या चकाकीवरून कळत नाही. अल्मेन पट्टीचं रीडिंग मागा. ही पातळ पट्टी एका बाजूने पीन केली की वाकते आणि तिची कमान मोजतात. वेळ दुप्पट करूनही कमान 10 टक्क्यांहून जास्त वाढली नाही, तर तीव्रता ठरली. स्प्रिंगवर मात्र भिंगातून वेढ्याची आतली बाजू बघा. स्ट्रेस तिथेच सर्वाधिक असतो, आणि वेढे जवळजवळ असले की छर्रे नेमके तिथेच पोचत नाहीत.

नंतर भट्टीत तापवायचं असेल तर कार्बन स्टीलला 220 अंशांच्या आसपास थांबा. फार वर गेलात तर साठलेला दाब सैल पडतो. स्थिर लोडची, क्वचित हलणारी स्प्रिंग असेल तर पीनिंगचा खर्च माझ्या मते वाया.

गिअरला फायदा मुख्यतः दाताच्या मुळाशी, वाकून तुटण्याविरुद्ध. दातावर पिटिंग, म्हणजे बारीक खड्डे, पडतंय म्हणून पीनिंग करणार असाल, तर आधी वंगण आणि अलाइनमेंट बघा. छर्रा मुळाच्या त्रिज्येच्या निम्म्याहून मोठा नको: त्रिज्या 0.8 मिमी असेल तर 0.43 मिमीचा S170 बाद, S110 घ्या. पृष्ठभाग कार्बन देऊन कडक केलेल्या कार्बुराइज्ड गिअरला छर्रेही तितकेच कडक लागतात. आणि पीनिंगनंतर मुळाशी ग्राइंडिंग करू नका, नाहीतर पैसे मोजून घेतलेला थरच घासला जाईल.