शब्दसूर की तिसरा शनिवार?

नौपाड्यात एका ओळखीच्यांच्या क्लासच्या हॉलमध्ये आम्ही दर महिन्याला कविता आणि गाण्यांचं ओपन माइक घेतो. त्याला आतापर्यंत दोन नावं देऊन झाली. तुम्ही नाव शोधत असाल तर आमचा अनुभव कदाचित कामी येईल.

पहिलं नाव 'शब्दसूर'. कानाला गोड, पोस्टरवर छान. पण पोस्टर इंग्रजी लिपीत गेलं, Shabdasur असं, आणि गिटार घेऊन आलेल्या एका मुलाने दारातच विचारलं, "काका, शब्दासुर इथेच ना?" हसलो, सोडून दिलं.

खरा वैताग वेगळाच होता. महिना उलटला की ग्रुपवर एकच प्रश्न: "पुढचा कधी?" मी तारीख टाकायचो, ती शुभ सकाळच्या फुलांखाली गाडली जायची, आणि दोन दिवसांनी तोच प्रश्न दुसऱ्या कुणाकडून. आमच्या जोशीकाकू तर प्रत्येक वेळी नवी कविता लिहून तयार असायच्या, आणि तारीख कळायची कार्यक्रम झाल्यावर. नाव सगळ्यांना पाठ होतं, दिवस कुणालाच नाही.

मध्ये कुणीतरी 'पुनव' सुचवलं, दर पौर्णिमेला जमायचं म्हणून. सुंदर नाव, मलाही मोह झाला होता. पण पौर्णिमा साधारण साडेएकोणतीस दिवसांनी येते, म्हणजे वार दर वेळी बदलणार. मंगळवारी रात्री डोंबिवलीहून कोण येणार? शिवाय 2023 च्या ऑगस्टमध्ये पौर्णिमा दोनदा आली होती. तेव्हा काय करायचं?

शेवटी नाव ठेवलं 'तिसरा शनिवार'. काव्य शून्य, हे मान्य. पण तारीख नावातच आली. तिसरा शनिवार नेहमी 15 ते 21 च्या मध्ये पडतो, त्यामुळे कॅलेंडरकडे एक नजर पुरते. रविवार मुद्दामच टाळला. मेगाब्लॉक असला की कल्याणकडची मंडळी निघतच नाहीत. आणखी एक फायदा आम्ही धरलाही नव्हता: नावात 'शब्द' नाही म्हटल्यावर कॅहॉन वाजवणारी पोरंही 'हे आपलं नाही' असं न म्हणता यायला लागली.

तोटाही सांगतो. हे नाव तुम्हाला बांधून टाकतं. एकदा हॉल मिळाला नाही म्हणून चौथ्या शनिवारी घेतलं, तर सहा जण आदल्या आठवड्यातच येऊन बंद शटरसमोर उभे होते. मला फोनवर बोलणी बसली. त्यानंतर वर्षाचे बाराही शनिवार आधीच सांगून ठेवतो, आणि हॉल नसेल तर तलावपाळीच्या कट्ट्यावर, माइकशिवाय, पण त्याच दिवशी.

तुमच्या जागेचा दिवस पक्का नसेल तर 'शब्दसूर'सारखं नाव बरं, निदान ते खोटं पडत नाही. दिवस पक्का असेल तर मी तरी दुसरं नाव शोधत बसणार नाही. जोशीकाकू आता विचारत नाहीत, थेट वही घेऊन येतात.