कीपॅडवालं डिजिटल लॉक, ८ महिने वापरल्यावर

भांडुपच्या घराला गेल्या वर्षी गणपतीनंतर हे लॉक लावलं. लॅमिंग्टन रोडला किट घेतलं होतं, आत अर्डुइनो ऊनोवर असते तीच ॲटमेगा ३२८पी चिप, बाहेर १६ बटणांचं पातळ कीपॅड, आणि रिलेवर १२ व्होल्टची सोलेनॉइड कडी. लाईट गेली की कडी बंदच राहते म्हणून जुन्या कुलपाची चावी मी काढून टाकली नाही, आणि तुम्हीही काढू नका.

रोजच्या वापरात तक्रार नाही. बायको, मुलगा, आई सगळे कोडनेच येतात-जातात, लाईट कितीही वेळा गेली तरी कोड विसरत नाही कारण तो ईईप्रॉममध्ये आहे आणि तिथलं लिहिलेलं करंट नसतानाही टिकतं. तीन वेळा चुकलं की बझर वाजतो आणि एक मिनिट कीपॅड बंद. हे बघून मी निर्धास्त होतो.

जूनमधे पहिल्या मोठ्या पावसात आमचा एमसीबी दोनदा पडला. मुलगा शाळेतून आलेला, ओल्या बोटांनी तीनदा चुकला, बझर वाजला, आणि तेवढ्यात लाईट जाऊन आली. कीपॅड लगेच चालू! त्याला बरं वाटलं, माझ्या मात्र पोटात गोळा आला. कोड ईईप्रॉममध्ये होता पण चुकांचा आकडा साध्या मेमरीत, म्हणजे करंट गेला की शून्य. आमची मीटर रूम खाली जिन्याजवळ, दाराला कडी सुद्धा नाही. एकाने खाली मेन स्विच खालीवर करायचा, दुसऱ्याने वर तीन-तीन कोड मारायचे, की तीन चुकांची मर्यादा नावालाच उरली.

किटसोबत प्रोग्राम मिळतो म्हणून मी स्वतःच बदलला. चुकांचा आकडा पण ईईप्रॉममध्ये ठेवला, आणि महत्त्वाचं म्हणजे कोड तपासायच्या आधी तो एकने वाढवला. नंतर वाढवला तर चूक कळल्यावर पण लिहून व्हायच्या आत करंट तोडायची फट राहते.

```
int n = EEPROM.read(10);
if (n == 255) n = 0;
if (n < 200) EEPROM.update(10, n + 1);
if (codeBarobar()) EEPROM.update(10, 0);
```

दुसरी ओळ मी आधी विसरलो होतो. कोऱ्या ईईप्रॉमच्या प्रत्येक घरात 255 असतो, त्यामुळे लॉकला वाटलं २५५ चुका झाल्यात आणि चालू करताच बंद होऊन बसलं, अर्धा तास वायरिंग तपासत बसलो. लॉक चालू होताना एकदाच चालणाऱ्या setup() मधे पण हाच आकडा पहिल्या दोन ओळींनी वाचायचा, तीन किंवा जास्त असेल तर थांबायची वेळ पहिल्यापासून मोजायची. म्हणजे लाईट घालवणाऱ्याचा फायदा नाही, उलट त्याचंच थांबणं लांबतं.

एकाने विचारलं ईईप्रॉम झिजणार नाही का. चिपच्या माहितीपत्रकात एका घराला १,००,००० वेळा लिहिता येतं असं आहे. आमचं दार दिवसाला साधारण २० वेळा उघडतं, प्रत्येक वेळी दोनदा लिहिलं जातं, म्हणजे ४०. हिशेबाने जवळपास सात वर्षं. तेवढ्यात मी 10 च्या जागी 11 नंबरचं घर वापरेन, १०२४ आहेत.

खरी काळजी वेगळीच निघाली आणि ती आईने दाखवली. म्हणाली, अरे या चार बटणांवरचे आकडेच पुसलेत. ८ महिन्यांत आमच्या कोडची चार बटणं इतकी घासली गेली की परक्याला सुद्धा दिसावीत. चार वेगवेगळे आकडे माहीत झाले तर क्रम फक्त २४ उरतात. तीन-तीनच्या आठ फेऱ्या, मधे एकेक मिनिट थांबणं, म्हणजे सातेक मिनिटात कोणीही आत. माझी एवढी दुरुस्ती त्यापुढे काहीच नाही.

मग दोन गोष्टी केल्या. कोड सहा आकडी केला, नवीन आकड्यांचा, आणि दर दोन महिन्यांनी बदलतो, म्हणजे बटणं सगळीच सारखी झिजतील. आणि एक मिनिट थांबल्यावर चुका शून्य करणं काढून टाकलं, आता बरोबर कोड आला तरच शून्य होतात, आणि तिसऱ्या चुकीपासून पुढची प्रत्येक चूक पाच मिनिटांची. जुन्याच चार आकडी कोडचे सगळे २४ क्रम मारायला आता पावणेदोन तास लागले असते, तेवढा वेळ आमच्या जिन्यात कोणी बिनाकामाचं उभं राहिलं तर समोरच्या काकू विचारल्याशिवाय राहणार नाहीत.

पाच मिनिटांच्या वर मात्र मी गेलो नाही. वरच्या मजल्यावरची लहान पोरं येता-जाता बटणं दाबतात, मागच्या रविवारीच आई भाजी घेऊन आली आणि लॉक बंद मिळालं. तिने चावीने दार उघडलं.