एका सेलमध्ये तीन-तीन उत्तरं: वयोगटानुसार मोजायची कशी?

गावातल्या वाचनालयाने गूगल फॉर्म भरून घेतला. पहिला प्रश्न वयोगटाचा, दुसरा ‘तुम्हाला काय वाचायला आवडतं? हवे तेवढे पर्याय निवडा’ असा. फॉर्ममधला तयार आलेख सगळ्यांची मिळून बेरीज दाखवतो. पण साठीच्या पुढच्यांना काय हवं आणि कॉलेजातल्यांना काय, हे हवं असेल तर शीट उघडावी लागते. तिथे प्रत्येकाची सगळी निवड एकाच सेलमध्ये स्वल्पविरामांनी जोडून बसलेली असते. समजा, A मध्ये वेळ, B मध्ये वयोगट, C मध्ये उत्तर आहे आणि सुरुवातीचे पाच प्रतिसाद असे आहेत:

```
१८ ते ३५      | कथा, रहस्यकथा
१८ ते ३५      | रहस्यकथा, दिवाळी अंक
६० च्या पुढे   | चरित्र, आत्मचरित्र, दिवाळी अंक
६० च्या पुढे   | कथा, दिवाळी अंक
१२ ते १७      | रहस्यकथा
```

एक गोष्ट आधीच सांगतो: ‘चरित्र, आत्मचरित्र’ हा फॉर्ममधला एकच पर्याय आहे. पुढे तोच डोकं खाणार आहे.

बहुतेक जण पहिल्यांदा `COUNTIFS` कडे जातात:

```
=COUNTIFS(B2:B6,"१८ ते ३५",C2:C6,"*कथा*")
```

उत्तर येतं २. खरं उत्तर १ आहे, कारण ‘रहस्यकथा’च्या पोटातही ‘कथा’ आहे. १२ ते १७ वयोगटात तर कथा कोणीच निवडली नाही, तरी तिथे १ येतो. हे सूत्र चुकलंय असं ते कुठेही सांगत नाही, आणि साठ प्रतिसादांत दोन-चारचा फरक नजरेला खुपत नाही. म्हणून तारांकनवाला `COUNTIFS` मी यादीतून काढूनच टाकतो. एकाही पर्यायाचं नाव दुसऱ्याच्या आत येत नसेल तेव्हाच तो चालतो, आणि ते तपासायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात पुढची पद्धत लिहून होते.

खरी निवड उरते ती दोन पद्धतींत.

पहिली पद्धत: प्रत्येक पर्यायाला एक कॉलम, आणि त्यात १ किंवा ०. वेगळ्या टॅबवर वयोगट आणि उत्तराचे कॉलम B आणि C मध्येच आणा, D1 पासून पुढे पर्यायांची नावं लिहा आणि D2 मध्ये हे सूत्र लिहून उजवीकडे आणि खाली भरा:

```
=IF($C2="","",--ISNUMBER(FIND(", "&D$1&", ",", "&$C2&", ")))
```

युक्ती दोन्ही टोकांना जोडलेल्या स्वल्पविरामात आहे. आपण नुसती ‘कथा’ शोधत नाही, तर दोन्हीकडून स्वल्पविरामाने बंद झालेली ‘कथा’ शोधतो, त्यामुळे ‘रहस्यकथा’ सापडत नाही. ‘चरित्र, आत्मचरित्र’ हे आख्खं नाव शीर्षकात लिहिलं की तेही बरोबर मोजलं जातं. मधल्या स्वल्पविरामाशी या सूत्राला देणंघेणं नाही. गूगल शीट आणि एक्सेल, दोन्हीकडे ते जसंच्या तसं चालतं. (वेगळा टॅब का? फॉर्मचा नवा प्रतिसाद आला की मूळ टॅबमध्ये नवी ओळ घुसते, आणि शेजारी लिहिलेली सूत्रं त्या ओळीत आपोआप उतरत नाहीत.)

यावर साधं पिव्हट टेबल लावा: ओळींत वयोगट, `Values` मध्ये प्रत्येक कॉलमचा `AVERAGE`. ० आणि १ यांची सरासरी म्हणजे त्या वयोगटातल्या उत्तर देणाऱ्यांपैकी किती टक्के लोकांनी तो पर्याय निवडला, तेच. वेगळा भागाकार नको. प्रश्न सोडून दिलेल्यांचा सेल सूत्राने रिकामा ठेवला आहे, म्हणून ते सरासरीत धरले जात नाहीत.

दुसरी पद्धत: उत्तरं फोडून प्रत्येक निवडीची स्वतंत्र ओळ करायची. गूगल शीटमध्ये ते एका सूत्रात होतं:

```
=QUERY(ARRAYFORMULA(SPLIT(FLATTEN(B2:B6&"|"&
IFERROR(SPLIT(C2:C6,", ",FALSE))),"|")),
"select Col1, count(Col1) where Col2 is not null
group by Col1 pivot Col2",0)
```

यातला `FALSE` विसरू नका. तो नसेल तर `SPLIT` स्वल्पविराम आणि मोकळी जागा दोन्हींवर कापतो. मग ‘दिवाळी’ आणि ‘अंक’ असे दोन नवेच साहित्यप्रकार तक्त्यात उगवतात. एक्सेलमध्ये हेच काम पॉवर क्वेरी करते: `Split Column`, `By Delimiter`, आणि `Advanced` मध्ये `Rows`. त्यानंतर पिव्हट. नवे प्रतिसाद आले की `Refresh` दाबायचं.

आपल्या पाच ओळींत खऱ्या निवडी ९ आहेत. फोडल्यावर १० निघतात, कारण ‘चरित्र, आत्मचरित्र’चे दोन तुकडे झाले. ही चूक ओळखण्याची खूण पक्की आहे: दोन पर्यायांचे आकडे प्रत्येक वयोगटात हुबेहूब सारखे दिसले, तर ते मुळात एकच असण्याची शक्यता मोठी. उपाय म्हणजे फोडण्याआधी त्या नावातला स्वल्पविराम बदलून ‘चरित्र-आत्मचरित्र’ करून घेणं, म्हणजे शोधा-बदला. फॉर्म अजून वाटला नसेल तर पर्यायातच स्वल्पविराम ठेवू नका, हे सगळ्यात स्वस्त.

दुसरा घोळ टक्केवारीचा, आणि तो जास्त महागात पडतो. साठीच्या पुढच्या दोघांनीही दिवाळी अंक निवडले, म्हणजे १०० टक्के. पण फोडलेल्या ओळींवर पिव्हटमध्ये ‘ओळीच्या बेरजेचे टक्के’ घेतले, तर भागाकार निवडींच्या संख्येने होतो. त्या वयोगटात खऱ्या निवडी ४, म्हणून येतात ५० टक्के. चरित्राचा पर्याय फुटलेला राहिला असेल तर ५ निवडी आणि ४० टक्के. ‘निम्म्या ज्येष्ठांना दिवाळी अंक हवेत’ असं कोणी सभेत वाचून दाखवलं तर ते साफ खोटं ठरेल. म्हणून या पद्धतीत मोजणी फोडलेल्या ओळींवरून घ्या, पण भाजक मूळ शीटवरून काढा: त्या वयोगटातल्या किती लोकांनी हा प्रश्न सोडवला, तो आकडा.

एवढं वाचून वाटेल की ०-१ चे कॉलम सरळ सरळ सरस आहेत. पण त्यांची एक मोठी उणीव आहे: तुम्ही जे नाव लिहून विचारलं, तेवढंच ते मोजतात. फॉर्म चालू असताना कोणी ‘कादंबरी’चं ‘कादंबऱ्या’ केलं असेल, तर आधीच्या प्रतिसादांत जुनंच नाव राहतं आणि सूत्र तिथे मुकाट्याने ० लिहितं. ‘इतर’मध्ये लोकांनी हाताने लिहिलेलं तर त्याला दिसतच नाही. फोडलेल्या तक्त्यात मात्र दोन्ही कादंबऱ्या शेजारी-शेजारी उभ्या राहतात, आणि ‘प्रवासवर्णन’, ‘प्रवास वर्णन’, ‘प्रवासवर्णने’ हे तिन्हीही. अर्थात ‘इतर’मध्ये कोणी स्वल्पविराम देऊन वाक्य लिहिलं असेल तर त्याचेही तुकडे होतात.

त्यामुळे पर्याय ठरलेले, पंधरापर्यंत, आणि ‘इतर’ नाही, असं असेल तर मी ०-१ चे कॉलम घेईन. पर्याय पन्नास असतील, किंवा ‘इतर’ हाच कुतूहलाचा भाग असेल, तर फोडणं. दर महिन्याला तोच फॉर्म येणार असेल आणि हाताशी एक्सेल असेल, तर पॉवर क्वेरी एकदा बसवून ठेवणं परवडतं.

माझी स्वतःची सवय दोन्हींची आहे. आधी फोडून फक्त पर्यायांची यादी पाहतो, नावं दुरुस्त करतो, आणि अहवालाचे आकडे ०-१ वरून घेतो. शेवटी दोन्हीकडची एकूण निवड जुळवतो. आपल्या उदाहरणात ती दोन्हीकडे ९ यायला हवी. १० आली तर कुठेतरी स्वल्पविराम राहिलाय.

आणि वयोगटात दहाहून कमी माणसं असतील तर टक्के लिहीत नाही, ‘दोघांपैकी दोघांनी’ असंच लिहितो.