ओपन बुक पेपर: ‘तुम्हीच ठरवा’ की ‘सही कराल का?’

आरसीसीच्या पेपरला आयएस ४५६ सोबत न्यायला देणं काही नवीन नाही. पोरं कोडची झेरॉक्स घेऊन येतात, टेबलांच्या पानांना रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या असतात, आणि त्यामुळे "सीव्हिअर एक्स्पोजरला कव्हर किती" असं विचारण्यात काही राम नाही, अर्ध्या मिनिटात उतरवून मोकळे. डोकं लावायला लावणारा प्रश्न काढायचा तर माझ्या मते दोनच प्रकार कामाचे आहेत. एकात साइटचं वर्णन द्यायचं आणि म्हणायचं तुम्हीच ठरवा आणि डिझाइन करा. दुसऱ्यात तयार डिझाइनची शीट हातात द्यायची आणि विचारायचं, यावर तुम्ही सही कराल का, कराल तर का आणि नाही तर काय बदलाल. मी दोन्ही वापरलेत, म्हणून ज्यांना आता पेपर काढायचाय त्यांच्यासाठी लिहितोय.

एकच उदाहरण दोन्हीकडे लावून बघू. कोकणात किनाऱ्यापासून साधारण अर्ध्या किलोमीटरवर बंगला, मध्ये सुरूचं बन, पश्चिमेला १ मीटर बाहेर आलेली बाल्कनी, तिला टोकाला पॅरापेट. एक्स्पोजर कोणतं घ्यायचं? कोडच्या टेबल ३ मध्ये समुद्रकाठच्या भागात खारट हवेपासून आडोशाला असलेलं काँक्रीट मॉडरेटमध्ये येतं, किनाऱ्याच्या वातावरणात उघडं असलेलं सीव्हिअरमध्ये, आणि अंगावर समुद्राचे तुषार येत असतील तर व्हेरी सीव्हिअरमध्ये. किती मीटरपर्यंत किनारा म्हणायचा ते तिथे लिहिलेलं नाहीये, आणि सुरूच्या बनाला आडोसा धरायचं का हेही नाही. म्हणजे पुस्तक उघडं आहे पण उत्तर त्यात नाही, ओपन बुकला हेच तर पाहिजे.

पहिल्या प्रकारात हा प्रश्न काढायला दहा मिनिटं लागतात आणि वाचताना भारी वाटतो. कोऱ्या कागदावरून डिझाइन उभं करता येतं का तेही कळतं, जे दुसऱ्या प्रकारात कळत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे आणि तो मी नाकारत नाही. तपासताना थोडा त्रास होतो कारण एकाने मॉडरेट धरलं, दुसऱ्याने सीव्हिअर, की पुढचे सगळे आकडे वेगळे आणि प्रत्येक पेपर आपणच परत सोडवत बसायचं, पण ते चालवून घेता येतं.

मला खरा वैताग आला तो ‘सेफ साइड’चा. जवळजवळ सगळी पोरं एकच वाक्य लिहितात, "सुरक्षिततेसाठी सीव्हिअर घेतलं", मग टेबल ५ मधून एम ३०, टेबल १६ मधून ४५ मिमी कव्हर, आणि गणित सुरू. साइटबद्दल एक अक्षर नाही, ना सुरूचं बन, ना पश्चिमेचा पाऊस. आणि मार्क कापायचे तर कापणार कशाचे, उत्तर चूक तर नाहीये! विचार करायला लावायला काढलेला प्रश्न पुन्हा टेबल बघण्यावर आला. जाडी त्यांचीच असल्यामुळे ती वाढवायला काही पडत नाही, स्लॅब १६० घेतला काय आणि १८० घेतला काय, घरमालक काय पेपर तपासायला येत नाही. मी "कारण द्या" हे शब्द ठळक करून बघितले, तर तेच वाक्य ठळक अक्षरात परत आलं.

आता तीच बाल्कनी दुसऱ्या प्रकारात बघा. शीट अशी की स्लॅब १२५ मिमी, एम २०, ४१५ चं स्टील, १० मिमीचे बार, कव्हर २०, म्हणजे डिझायनरने माइल्ड धरलंय पण तसं कुठे लिहिलेलं नाही. इफेक्टिव्ह डेप्थ १२५ वजा २० वजा ५, म्हणजे १००. कँटिलिव्हरला स्पॅन भागिले डेप्थची मूळ मर्यादा ७, इथे १० येतंय, म्हणजे मॉडिफिकेशन फॅक्टर १.४३ लागतो आणि त्या स्टीलला आकृती ४ मधून तो मिळतो. गणित अगदी बरोबर आहे, आणि ते मुद्दाम बरोबर ठेवायचं.

आता ज्याला सीव्हिअर म्हणायचंय त्याने म्हणावं, पण मग कव्हर ४५ झालं की डेप्थ ७५ वर आली, गुणोत्तर १३.३ झालं, फॅक्टर १.९ लागतो आणि स्टील कितीही वाढवलं तरी एवढा मिळत नाही. म्हणजे १२५ चा स्लॅब गेला, १५० करावा लागतो, तेव्हा डेप्थ परत १०० होते, वर काँक्रीटही एम ३० लागतं. एखादा हुशार मुलगा टेबल १६ खालची टीप शोधतो, की एम ३५ घेतलं तर सीव्हिअरला कव्हर ५ मिमी कमी चालतं, पण डेप्थ ८० झाली तरी फॅक्टर १.७९ लागतो, म्हणजे तेही सहजी बसत नाही. मॉडरेट म्हणणाऱ्याची डेप्थ ९०, फॅक्टर १.५९, आणि थोडं जास्त स्टील देऊन १२५ मध्येच भागवता येतं, फक्त काँक्रीट एम २५ करायचं. म्हणजे मॉडरेट की सीव्हिअर या एका शब्दावर स्लॅबची जाडी ठरतेय, आणि दुसऱ्याचं डिझाइन मोडायचं म्हटल्यावर ‘सेफ साइड’ एवढं लिहून सुटका होत नाही, कारण डिझायनर विचारणारच की माझं काय चुकलं. काही पोरं खालच्या बाजूचं कव्हर तपासत बसतात आणि कँटिलिव्हरचं मुख्य स्टील वर असतं हेच विसरतात, ज्या बाजूला पावसाचं पाणी साचतं, हेही इथे लगेच उघडं पडतं.

दहा मार्कांत ‘हो’ किंवा ‘नाही’ला मी शून्य ठेवतो. साइटमधली कोणती गोष्ट टेबलच्या कोणत्या ओळीत बसवली याला चार, त्या निर्णयाने डिझाइनचं काय होतं याला चार, आणि साइटवर जाऊन काय बघितलं तर मत बदलाल याला दोन. आजूबाजूच्या जुन्या घरांच्या स्लॅबचे पोपडे निघालेत का ते बघेन असं कुणी लिहिलं की ते दोन मार्क आनंदाने देतो.

या प्रकाराचे तोटेही आहेत. शीट बनवायला एक अख्खी संध्याकाळ जाते, आणि त्यात तुमचीच बेरीज चुकली तर वर्ग तीच धरून बसतो. शिवाय पोरांना एकदा सवय लागली की चूक लपवलेलीच असणार असं धरून ती शोधत सुटतात, नसली तर तयार करतात. म्हणून मी अधूनमधून तसलीच शीट, पण बंगला घाटावर, भिंतीआडच्या कोरड्या खोलीचा स्लॅब, असं देतो, जिथे माइल्ड बरोबर आहे आणि सही करून मोकळं व्हायचं असतं. त्या वेळी जे उगाच कव्हर ४५ करायला सांगतात त्यांचे मार्क जातात, आणि आता ते कापायला कारणही असतं.

तुमचा विषय वेगळा असेल, वर्ग छोटा असेल किंवा नंतर पाच-पाच मिनिटं तोंडी विचारायची सोय असेल तर पहिला प्रकार वाईट नाही, ‘सेफ साइड’वाल्याला समोर बसवून "सुरूचं बन दिसलं का?" एवढं विचारलं तरी पुरतं. साठ-सत्तर पोरांचा लेखी पेपर असेल तर मात्र मी तरी शीटच देईन, आणि पहिल्यांदा देत असाल तर एम २० सारखी एकच गोष्ट खटकणारी ठेवा, बाकी सगळं नीट असू द्या.