काउंटर रडर शून्यावरून तीस सेकंदांवर: ऑटोपायलटसोबतचे सहा महिने

सेकंड ऑफिसर म्हणून सहा महिन्यांचा करार संपवून नुकताच घरी आलो आहे. जहाज १९० मीटरचं बल्क कॅरियर, भरलेलं असताना वेग १४ नॉट. रात्री बारा ते चारच्या वॉचला याच ऑटोपायलटसोबत होतो, म्हणून कंपनीचं नाव न घेता त्याबद्दल सविस्तर लिहितोय.

चढलो तेव्हा काउंटर रडर, म्हणजे वळण थांबवायला सुकाणू किती आधी आणि किती उलटं द्यायचं हे ठरवणारं ऑटोपायलटचं सेटिंग, शून्यावर होता. ‘लाटांत सुकाणू फार हलतं’ एवढंच कारण हँडओव्हरमध्ये मिळालं. पहिल्याच ६० अंशांच्या वळणात जहाज ठरलेल्या कोर्सच्या आठ अंश पुढे गेलं आणि मग डुलत डुलत परत आलं. समोर मासेमारीच्या बोटी असत्या तर ते आठ अंश भारी पडले असते.

कॅप्टनच्या परवानगीने मोकळ्या समुद्रात एक साधी चाचणी घेतली. सुकाणू मिडशिपवरून, म्हणजे सरळ स्थितीतून, १० अंशांवर दिलं आणि वळण्याचा वेग बघत राहिलो. तो मिनिटाला ३० अंशांवर, म्हणजे सेकंदाला अर्ध्या अंशावर स्थिरावला. त्यातला ६३ टक्के वेग, मिनिटाला सुमारे १९ अंश, गाठायला ५० सेकंद लागले. जपानी संशोधक नोमोटोंनी १९५७ मध्ये मांडलेल्या पहिल्या क्रमाच्या मॉडेलला एवढंच लागतं:

```
T·(dr/dt) + r = K·δ
K = 0.5/10 = 0.05,  T = 50 s
δ = Kp·e − Kd·r
```

इथे r हा वळण्याचा वेग, δ सुकाणूचा कोन आणि e म्हणजे कोर्सपर्यंत उरलेले अंश. K म्हणजे सुकाणूच्या एका अंशामागे मिळणारा वळण्याचा वेग आणि T म्हणजे त्यातला ६३ टक्के गाठायला लागणारा वेळ. Kp म्हणजे रडर गेन, उरलेल्या दर अंशामागे किती अंश सुकाणू द्यायचं ते; तो आम्ही १ ठेवला होता. Kd म्हणजेच काउंटर रडर. आमच्या यंत्रात तो सेकंदांत भरतात. Kd शून्य असेल तर वळण थांबवायला फक्त पाण्याचा विरोध उरतो आणि या आकड्यांवर डॅम्पिंग, म्हणजे डुलणं किती लवकर शमतं त्याचं माप, ०.३२ येतं. Kd ३० केला की तेच ०.७९ होतं.

पण हे गणित सुकाणू मागू तेवढं मिळतं असं धरून चालतं. ६० अंशांच्या वळणात सूत्र ६० अंश सुकाणू मागतं आणि रडर लिमिट, म्हणजे यंत्राला सुकाणू जास्तीत जास्त जितकं देता येतं तो कोन, १० असल्याने मिळतात दहाच. जवळजवळ दोन मिनिटं सुकाणू त्या मर्यादेला टेकून बसतं. त्या वेळात ऑटोपायलट काहीच नियंत्रण करत नाही. खरा प्रश्न असा की ते मर्यादेवरून कधी सुटतं. Kd शून्य असताना दहाच अंश उरलेले असतात आणि जहाज जवळपास पूर्ण वेगाने फिरत असतं. Kd ३० असताना सुमारे २४ अंश उरलेले असतानाच सुकाणू सैल पडायला लागतं, नऊ अंश उरले की मिडशिपला येतं आणि पुढे जेमतेम दोन अंश उलटं जातं. कोर्स ओलांडला तो अर्ध्या अंशाच्या आसपास. नंतरची सगळी वळणं अशीच गेली आणि मला त्याचं मनापासून समाधान वाटलं.

मात्र ३० हा आकडा १४ नॉटचाच आहे. वेग निम्मा झाला की K निम्मा होतो आणि T दुप्पट. सात नॉटवर तेच सेटिंग ठेवलं तर डॅम्पिंग ०.५५ वर घसरतं. एकदा बंदराजवळ वेग कमी केल्यावर कोर्स जरा जास्त ओलांडला, तेव्हा हे लक्षात आलं. तिथे Kd ६० लागतो. बॅलास्टमध्ये, म्हणजे माल नसताना, जहाज वेगळंच वागतं, त्यासाठी चाचणी नव्याने घ्यावी लागली. शिवाय हे मॉडेल छोट्या कोनांपुरतंच आहे: ३५ अंश सुकाणू दिलं म्हणून मिनिटाला १०५ अंश वळण मिळत नाही, कारण जहाजाचा वेगच पडतो.

आता लाटांची तक्रार. ती खरी होती, हे दक्षिण आफ्रिकेतल्या रिचर्ड्‌स बेहून कोळसा घेऊन मुंद्र्याला येताना कळलं. नैर्ऋत्य मान्सूनचा स्वेल मागून तिरका येत होता आणि हेडिंग १६ सेकंदांच्या चक्रात दोन-दोन अंश इकडेतिकडे होत होतं. त्यातला वळण्याचा वेग सेकंदाला ०.८ अंशांपर्यंत जातो. गुणिले ३० म्हणजे जवळपास २४ अंश सुकाणूची मागणी. सुकाणू दर आठ सेकंदांनी या लिमिटवरून त्या लिमिटवर आपटत होतं, स्टिअरिंग गिअरचे पंप गरम होत होते. आणि मिळत काय होतं? एवढ्या जलद चक्रात १० अंश सुकाणू हेडिंगला एक दशांश अंशसुद्धा हलवत नाही, कारण T ५० सेकंदांचा आहे. त्या हालचालीचा उपयोग शून्य होता.

म्हणून अशा समुद्रात Kd १५ वर आणला आणि वेदर सेटिंग वाढवून तीन अंशांच्या आतलं डोलणं यंत्राला सोडून द्यायला लावलं. मोठं वळण आलं की आधी ३०, वळण संपलं की परत १५. उतरताना हे आकडे वेग आणि लोडसह कागदावर लिहून यंत्राशेजारी चिकटवले आणि नव्या सेकंड ऑफिसरला दहा अंशांची ती चाचणी एकदा स्वतः घ्यायला सांगितलं.