सरोगेटचं गर्भाशय तयार करताना: हार्मोनचं चक्र की नैसर्गिक?
पाच दिवसांचा गोठवलेला भ्रूण सरोगेटच्या गर्भाशयात सोडायचा, तर तिथलं अस्तर त्याच दिवसाशी जुळलेलं हवं.

हार्मोनच्या चक्रात साधारण दोन आठवडे इस्ट्रोजेन देतात. अस्तर ७ मिमीपर्यंत वाढलं की प्रोजेस्टेरॉन सुरू होतं आणि त्याच्या सहाव्या दिवशी भ्रूण सोडतात. तारीख आधीच ठरते, म्हणून दवाखान्यांना हे सोयीचं. पण यात स्त्रीबीज बाहेर पडत नाही, त्यामुळे बीज सुटल्यावर अंडाशयात बनणारी हार्मोनची तात्पुरती ग्रंथी, म्हणजे कॉर्पस ल्युटियम, तयार होत नाही. अशा गर्भारपणात प्रीएक्लॅम्प्सियाचं, म्हणजे रक्तदाब धोकादायकरीत्या वाढण्याच्या आजाराचं, प्रमाण जास्त आढळतं.

नैसर्गिक चक्रात सोनोग्राफी आणि बीज सुटण्याआधी वाढणाऱ्या एलएच या हार्मोनच्या तपासणीवरून स्त्रीबीज सुटण्याचा दिवस ओळखतात, त्यानंतर पाच दिवसांनी भ्रूण सोडतात. तारीख मागेपुढे होते. शिवाय तिचं स्वतःचं बीज सुटलेलं असतं, म्हणून त्या काळात शरीरसंबंध टाळावेच लागतात; नाहीतर मूल तिचंच असण्याची शक्यता उरते.

सरोगेट निवडताना आधीची बाळंतपणं सुरळीत झालेली बाई घेतात. तिची पाळीही नियमित असेल तर नैसर्गिक चक्र बहुधा जमतं, आणि मी तेच आधी सुचवेन, कारण धोका तिच्या शरीराला आहे. निर्णय मात्र तिचा असावा, तोही पालकांच्या डॉक्टरांशी संबंध नसलेल्या डॉक्टरांशी बोलून घेतलेला.