मेटा अॅड्स मॅनेजरवर जाहिरात 'शिळी' झाल्याचं मी कसं ओळखते: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कोल्हापूरच्या एका घरगुती मसाला ब्रँडच्या फेसबुक-इन्स्टाग्राम जाहिराती मी सांभाळते. माल म्हणजे मुख्यतः कांदा-लसूण चटणी. गिऱ्हाईक मुंबई, ठाणे, पुणे इथलं आणि विक्री वेबसाइटवरून. अॅड्स मॅनेजरबद्दल बरंच लिहिता येईल, पण इथे एकाच कामापुरतं लिहिते. चालू जाहिरात लोकांना बघून बघून नकोशी झाली आहे हे हे टूल वेळेत सांगतं का, आणि ते कळल्यावर नव्या जाहिराती कशा आणायच्या, एवढंच.

थोडक्यात मत असं. आकडे सगळे आहेत, चांगले आहेत, पण समोर आपोआप येत नाहीत. आणि टूल स्वतःहून जो इशारा देतं, तो येईपर्यंत पैसे गेलेले असतात.

आधी फ्रिक्वेन्सी. एका माणसाला जाहिरात सरासरी किती वेळा दिसली तो हा आकडा, म्हणजे इम्प्रेशन भागिले रीच. जाहिरात एकूण जितक्या वेळा दिसली ती इम्प्रेशन, जितक्या माणसांना दिसली तो रीच. पण तो कोणत्या मुदतीचा आहे हे पाहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही. तारखेच्या खिडकीत पूर्ण आयुष्य निवडलं तर तीन महिने चाललेल्या कुठल्याही जाहिरातीची फ्रिक्वेन्सी मोठीच दिसणार. त्यावरून जाहिरात जुनी आहे एवढंच कळतं. एकेक दिवस पाहिला तर आकडा सव्वाच्या आसपास घुटमळतो आणि सगळं छान वाटतं. मी ब्रेकडाउनमधून आठवड्याप्रमाणे ओळी पाडून घेते आणि सलग आठवडे एकाखाली एक वाचते. आठवड्यांचा रीच मात्र बेरजेत धरू नका. तोच माणूस दोन आठवड्यांत दोनदा मोजलेला असतो.

दुसरं, हे अॅड सेटच्या, म्हणजे एकत्र चालणाऱ्या जाहिरातींच्या गटाच्या, नाही तर जाहिरातीच्या पातळीवर बघायचं. अॅड सेटची फ्रिक्वेन्सी अडीच असली तरी त्यात तीन वेगळ्या जाहिराती असू शकतात, आणि मग माणसाला एकच चेहरा अडीचदा दिसला असं होत नाही.

क्लिकच्या दराचेही, म्हणजे सीटीआरचेही, दोन कॉलम आहेत. `CTR (all)` या कॉलममध्ये लाइक, कमेंट, 'आणखी वाचा'वरची टिचकी असं सगळंच धरलेलं असतं. मला हवा असतो तो फक्त लिंकवरच्या क्लिकचा, `link click-through rate`. थकलेल्या जाहिरातीवर 'परत तेच' अशा कमेंट पडू लागल्या की पहिला आकडा उलट वर जातो. म्हणून कॉलमचा एक स्वतःचा संच करून ठेवला आहे: इम्प्रेशन, रीच, फ्रिक्वेन्सी, सीपीएम म्हणजे हजार इम्प्रेशनमागचा खर्च, लिंकचा सीटीआर, खरेदी आणि एका खरेदीमागचा खर्च. मोबाइल अॅपवर हे वाचायच्या फंदात पडत नाही, लॅपटॉपच लागतो.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण, आकडे गोळाबेरीज करून. डंकावर मिरची कुटतानाची एक रील होती. तिच्यावर आठवड्याला दहा हजारांच्या आसपास खर्च होत होता. पहिल्या आठवड्यात फ्रिक्वेन्सी 1.3, लिंकचा सीटीआर 1.9 टक्के, क्लिक दोन हजार, ऑर्डरी 56, म्हणजे ऑर्डरमागे 180 रुपये. दुसऱ्या आठवड्यात फ्रिक्वेन्सी 1.6 झाली, सीटीआर जवळपास तिथेच. तिसऱ्यात 2.1 आणि 1.4 टक्के. चौथ्यात 2.7 आणि 1.0 टक्का, क्लिक साडेनऊशे, ऑर्डरी 27, खर्च ऑर्डरमागे 370.

यातली मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट वर सरळ दिसत नाही. क्लिक करून आलेल्यांपैकी विकत घेणारे पहिल्या आठवड्यात 2.8 टक्के होते आणि चौथ्यातही तेवढेच. म्हणजे वेबसाइट नीट, किंमत नीट, चटणीही नीट. गळती क्लिकच्या आधी, जाहिरातीवरच होती. सीपीएम 95 वरून 105 वर गेला होता, पण तेवढ्याने खर्च दुप्पट होत नाही.

शेजारी त्याच अॅड सेटमध्ये पाकिटाचा एक साधा फोटो चालू होता. त्याच्या वाट्याला खर्च फार कमी यायचा. त्याची फ्रिक्वेन्सी 1.2 आणि सीटीआर पहिल्यापासून 0.9, तो हलला नव्हता. म्हणजे लोक संपले नव्हते, रील संपली होती. फोटोही सोबत घसरला असता, आणि नवीन टाकलेली जाहिरातही पहिल्या दिवसापासून थंड राहिली असती, तर दोष ऑडियन्सचा धरला असता. तिथे नव्या रीलने काही होत नाही. ऑडियन्स रुंद करावी लागते किंवा आधी घेतलेल्यांना वगळावं लागतं.

टूलच्या इशाऱ्याबद्दल. डिलिव्हरीच्या कॉलममध्ये `Creative limited` आणि `Creative fatigue` अशा दोन पाट्या येतात. तुमच्या आधीच्या जाहिरातींपेक्षा निकालामागचा खर्च वाढला की पहिली, दुप्पट किंवा त्याहून जास्त झाला की दुसरी. वरच्या रीलवर दुसरी पाटी चौथ्या आठवड्यात लागली. सीटीआर तर तिसऱ्यातच 1.9 वरून 1.4 वर उतरला होता. पाटी खर्चावर चालते आणि खर्च हा शेवटी बोलणारा आकडा आहे. त्यामुळे ती खोटी नसते, उशिरा असते.

व्हिडिओसाठी याहून लवकर बोलणारं एक माप आहे. व्हिडिओ तीन सेकंद तरी जितक्या वेळा पाहिला गेला ती संख्या भागिले इम्प्रेशन. हे मी कस्टम मेट्रिक म्हणून बनवून ठेवलं आहे:

```
3-second video plays / Impressions
```

रील ओळखीची झाली की माणूस पहिल्याच क्षणी अंगठा सरकवतो, त्यामुळे बहुतेक वेळा हे गुणोत्तर सीटीआरच्या आधी खाली येतं.

दर वेळी सीटीआर पडला म्हणजे जाहिरात शिळी, असंही नाही. मध्ये एका आठवड्यात सीटीआर चांगलाच उतरला, पण फ्रिक्वेन्सी 1.2 वरच. प्लेसमेंटप्रमाणे फोड केली तेव्हा दिसलं की खर्चाचा मोठा हिस्सा फेसबुक फीडवरून रील्स आणि स्टोरीजकडे गेला होता. आमच्याकडे तिथे लिंकवर क्लिक कमीच होतात. प्रत्येक जागेचा सीटीआर आपापल्या ठिकाणी स्थिर होता, सरासरी तेवढी खाली आली होती. दिवाळीच्या आधीचं चित्र आणखी वेगळं. सगळेच जाहिरात लावतात, सीपीएम चढतो, ऑर्डर महाग पडते, पण सीटीआर तसाच असतो. तेव्हा चांगली चाललेली जाहिरात काढून टाकणं म्हणजे नुसतं नुकसान.

इथे मालकीणबाईंचा, म्हणजे आमच्या काकींचा किस्सा सांगायलाच हवा. दुसऱ्याच आठवड्यात त्यांचा फोन आला, "अगं, ती डंकाची रील बंद कर आता, मलाच कंटाळा आलाय." मी म्हटलं, "काकी, तुम्ही ती शंभरदा बघितलीय, गिऱ्हाइकाने अजून दोनदासुद्धा नाही." त्यांना सीटीआरची ओळ दाखवली, तरी दोन दिवस धुसफुसत होत्या. जाहिरातीचा सगळ्यात आधी कंटाळा येतो तो ती बनवणाऱ्याला.

आता बदलण्याबद्दल. चालू जाहिरातीतलाच व्हिडिओ बदलायचा मोह होतो, तो टाळावा. तो मोठा बदल धरला जातो, पुन्हा रिव्ह्यू होतो, जाहिरात कुणाला दाखवायची हे यंत्रणेने शिकण्याचा टप्पा नव्याने सुरू होतो आणि जुन्या पोस्टवरचे लाइक-कमेंट मागे राहतात. अॅड सेटमध्ये नवी जाहिरात घालणं हाही मोठाच बदल. त्या टप्प्यातून बाहेर यायला आठवड्यात साधारण 50 निकाल लागतात. म्हणून रोज एक जाहिरात टाकत बसण्यापेक्षा दोन-तीन एकदम टाकलेल्या बऱ्या.

शिवाय जुन्या अॅड सेटमध्ये नवी जाहिरात टाकली की तिला बऱ्याचदा पैसेच मिळत नाहीत. ज्या रीलवर ऑर्डरी आल्याचा इतिहास आहे तिच्याकडेच यंत्रणा खर्च वळवते, ती थकलेली असली तरी. मी नव्यांसाठी वेगळा अॅड सेट ठेवते, त्याला स्वतःचं छोटं बजेट देते, आणि जी उभी राहते तिची तीच पोस्ट, `Use existing post` वापरून, मुख्य अॅड सेटमध्ये आणते. म्हणजे कमेंट सोबत येतात. मसाल्याच्या धंद्यात "मागच्या वर्षी मागवलेली, मस्त होती" अशी एक कमेंट पुष्कळ काम करते.

नवीन म्हणजे किती नवीन, यात माझं मत पक्कं झालं आहे. त्याच रीलला वेगळं गाणं, वेगळ्या रंगाची पट्टी, '10% सूट'चा शिक्का असं करून पाहिलं. सीटीआर चार-पाच दिवस किंचित वर आला आणि परत खाली. फरक पडला तो सुरुवातीची तीन सेकंदं आणि सांगायची गोष्ट दोन्ही बदलल्यावर. डंकाऐवजी एका गिऱ्हाइकाने स्वतःच्या ओट्यावर तांबड्या रश्शाला फोडणी घातली, तर्री वर आली, तिथून व्हिडिओ सुरू. दुसरीत चटणी नुसती भाकरीवर, तेल घालून. या दोघी जेवणाच्या बाजूने बोलत होत्या, रील कुटण्याच्या बाजूने. रश्शाच्या जाहिरातीने 1.7 टक्क्यांवर सुरुवात केली आणि ऑर्डर पुन्हा दोनशेच्या आत आली.

काढलेली रील फेकून देत नाही. दीड-दोन महिन्यांनी परत लावली तेव्हा ती चालली, पण पहिल्यापेक्षा लवकर दमली.

फ्रिक्वेन्सी किती झाली की बदलायचं, हे सगळे विचारतात. एक आकडा मी देणार नाही. अनोळखी लोकांसाठीच्या अॅड सेटमध्ये आठवड्याची फ्रिक्वेन्सी दोनच्या पुढे गेली की मी लक्ष ठेवते, आणि सोबत सीटीआर पहिल्या चांगल्या आठवड्याच्या पाऊण पटीखाली आला की नव्या लावते. कार्टमध्ये टाकून निघून गेलेल्यांना दाखवायच्या जाहिरातीवर मात्र आठवड्याला पाच-सहा फ्रिक्वेन्सी असूनही ऑर्डरी येत राहिल्या. ते लोक मोजके असतात आणि त्यांना आठवणच हवी असते.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. क्लिकनंतर सात दिवसांत आलेली खरेदी त्या जाहिरातीच्या नावावर मागाहून जमा होते, त्यामुळे कालचा-परवाचा खर्च नेहमी वाईट दिसतो आणि घाबरून जाहिरात बंद करावीशी वाटते. मी शेवटचे दोन-तीन दिवस हिशोबातच धरत नाही. आणि रोजचं बजेट दोन-तीनशे रुपये असेल तर आठवड्याला हाताशी येतात चार-सहा ऑर्डरी. त्यात एक कमी-जास्त झाली तरी खर्चाचा आकडा उड्या मारतो. तिथे ऑर्डरींऐवजी लिंकचा सीटीआर बघा, आणि तोही दोन-दोन आठवडे एकत्र करून.